निवृत्त पोलीस श्वानांच्या निरोपाबाबत खुले पत्र

प्रति,
पोलीस श्वान पथकांचे नियम व आदेश ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी

विषय : निवृत्त श्वानाचा ताबा, औषधोपचार आणि त्याच्या हस्तकाचा हक्क

महोदय,

मी एका जिल्ह्याच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात श्वान हस्तक होतो आणि या वर्षी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. माझा श्वान बादल माझ्या आधी, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर निवृत्त झाला. त्याला ज्या रीतीने निरोप देण्यात आला ती मला तेव्हाही मान्य नव्हती, परंतु गणवेश अंगावर असेपर्यंत वर्तणूक नियमांमुळे त्याविषयी जाहीरपणे लिहिणे शक्य नव्हते. जिल्ह्याचे किंवा कोणा अधिकाऱ्याचे नाव मी या पत्रात मुद्दाम घेतलेले नाही. त्या दिवशी तेथे हजर असलेला प्रत्येक जण आपल्या परीने नीटच वागला. निवृत्त श्वानाचे पुढे काय करायचे हे सविस्तर लिहून ठेवणे मात्र कोणाचेच काम नव्हते, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्याचा 1969 सालचा निकाल आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असतो. श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्यामुळे त्याने काय शोधले हे त्याच्या माणसाला सांगावे लागते आणि ती साक्ष ऐकीव ठरते, असा आक्षेप त्या निकालात नोंदवलेला आहे. पुढे जे लिहितो आहे तीही ऐकीव साक्षच आहे, हे मान्य करूनच आपण ती वाचावी.

बादल हा काळा लॅब्राडोर. त्याच्या कामाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. चोराच्या मागावर जाणारा गुन्हेशोधक श्वान धावतो, भुंकतो, दोर ताणतो. बॉम्बशोधक श्वानाला याच्या नेमके उलट शिकवलेले असते. संशयित वस्तूपाशी वास लागला की त्याने भुंकायचे नाही, पंजा मारायचा नाही, वस्तूला तोंड लावायचे नाही. फक्त तिच्यासमोर बसायचे आणि हस्तक येईपर्यंत हलायचे नाही. पंजाचा एक धक्काही स्फोटाला पुरेसा ठरू शकतो, म्हणून ही शिस्त महिनोन्महिने अंगात मुरवली जाते. बसल्याबद्दल त्याला चेंडू आणि शाबासकी मिळते. त्याच्या दृष्टीने सगळी नोकरी म्हणजे वास शोधणे, बसणे आणि चेंडू मिळवणे. दुसरी शिस्त खाण्याची. अनोळखी माणसाने पुढे केलेला घास घ्यायचा नाही, जमिनीवर पडलेले उचलायचे नाही, हस्तकाने सांगितल्याखेरीज भांड्याला तोंड लावायचे नाही. विषप्रयोगाचा धोका टाळण्यासाठी ही सवय लावली जाते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला दूरध्वनीवरून कळवण्यात आले की बादलला उद्या कार्यमुक्त करायचे असून दुपारनंतर एक गृहस्थ त्याला नेण्यास येतील. श्वान खरेदी होतो तेव्हाच त्याची जन्मतारीख नोंदवहीत चढते. म्हणजे त्याच्या निवृत्तीचा काळ कित्येक वर्षे आधीपासून कागदावर दिसत होता. त्याच्या हस्तकाला तो एका रात्रीच्या अवधीने कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीही बादल कामावर होता. एका सभेच्या मैदानाची घातपातविरोधी तपासणी ठरलेली होती आणि पथकातील दुसरी श्वान गोचीड तापाने आजारी होती. पहाटे श्वानगृहाचे दार उघडले तेव्हा बादल नेहमीप्रमाणे उठला, पण मागचे पाय सरळ व्हायला वेळ लागला. त्याच्या खुब्याच्या सांध्यांची झीज दोन हिवाळ्यांपासून सुरू होती आणि त्यावर गोळ्या चालू होत्या. मी अंगावरून ब्रश फिरवला, कान, डोळे आणि पंजांच्या बोटांमधील जागा तपासली, थोडे चालवून आणले. मग छातीपट्टा चढवला. सांधे दुखत असोत वा नसोत, छातीपट्टा चढला की त्याची मान वर यायची, कारण त्या पट्ट्याचा अर्थ एकच होता, की आता काम.

मैदानावर आम्ही वाऱ्याची दिशा पाहून सुरुवात केली. वारा समोरून येईल अशा बाजूने श्वानाला आत घ्यावे लागते. वास त्याच्याकडे वाहत आला पाहिजे. व्यासपीठाखालच्या बांबूंच्या सांगाड्यातून तो खाली मान घालून गेला, पुष्पगुच्छांच्या टेबलाखाली थांबला, ध्वनिक्षेपकांच्या पेट्यांच्या मागच्या बाजू त्याने एकेक करून घेतल्या. काही वेळाने त्याचे तोंड उघडले आणि जीभ बाहेर आली. धापा टाकणारा श्वान तोंडावाटे श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या नाकाचे काम मंदावते. अशा वेळी तो पुढे चालत राहिला तरी तपासणी होत नसते, नुसती चाल होत असते. मी त्याला सावलीत घेऊन पाणी पाजले. तरुण वयात तो बराच वेळ सलग काम करी. त्या दिवशी मला त्याला पुन्हापुन्हा थांबवावे लागले. शेवटच्या रांगेपर्यंत त्याने सर्व मैदान पूर्ण केले. काहीही आढळले नाही.

आमच्या कामात काही न आढळणे ही चांगली बातमी असते, पण श्वानासाठी ती रिकामी पाळी असते. लागोपाठ रिकाम्या पाळ्या झाल्या तर त्याचा शोधण्यातला रस जातो. म्हणून अनुभवी हस्तक शेवटी सरावाचा नमुना कोठेतरी लपवून ठेवतो आणि श्वानाला तो सापडू देतो. तो नमुना हातमोज्यांनी हाताळावा लागतो, नाहीतर श्वान स्फोटकाच्या वासाऐवजी हस्तकाच्या हाताचा वास शोधायला शिकतो. त्या दिवशी तपासणी संपल्यावर, मैदानाबाहेर आमच्या वाहनाशेजारी रचलेल्या रिकाम्या खोक्यांत, माझ्या सहकाऱ्याने असा नमुना ठेवला. पथकाच्या दृष्टीने त्याला आता काही अर्थ नव्हता, कारण ज्या श्वानाला उद्यापासून कामच नाही त्याचा रस टिकवून करायचे काय? तरीही आम्ही तो ठेवला. बादल पहिल्या खोक्यावरून पुढे गेला, वळला, परत आला, मागचे पाय सावकाश दुमडून तिसऱ्या खोक्यासमोर बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला चेंडू दिला. तो चेंडू माझ्या स्वतःच्या पैशांनी घेतलेला होता, म्हणून पुढे वाचला.

दुपारी छोटा समारंभ झाला. हार, पेढे, वाहनाच्या बॉनेटवर फुले, छायाचित्रे, वरिष्ठांचे चार शब्द. या समारंभाविषयी माझी काही तक्रार नाही. तो मनापासून केलेला होता. बादलला हारातील फुलांपेक्षा पेढ्यांच्या खोक्यात अधिक रस होता, परंतु कोणी दिलेला पेढा त्याने घेतला नाही. उपस्थितांनी त्याचे कौतुक केले.

त्यानंतर भांडारातील कारकुनाने यादी काढली. छातीपट्टा, गळपट्टा, चामडी दोर, जेवणाचे भांडे, पांघरूण या सर्व शासकीय वस्तू असल्याने त्या जमा करणे क्रमप्राप्त होते. “दादा, कांबळं तरी जाऊ द्या का त्याच्याबरोबर?” असे माझ्या सहकाऱ्याने मला विचारले, मी कारकुनाला विचारले, आणि कारकुनाने यादीवर बोट ठेवले. त्याचे चुकले असे मला म्हणता येणार नाही. यादीत कांबळे होते. मी माझ्या हाताने गळपट्टा काढला. त्या जागचे केस वर्षानुवर्षे दबून विरळ झाले होते.

त्याला न्यायला आलेले गृहस्थ सज्जन होते. गावाबाहेर त्यांची बागायत होती, आधीचा कुत्रा म्हातारपणाने गेला होता, आणि पोलीस श्वान आपल्याकडे येणार याचा त्यांना अभिमान वाटत होता. त्यांच्यापुढे ताबा पावती ठेवण्यात आली, तिच्यावर जात, रंग, वय आणि स्वाक्षरी एवढेच होते. त्यांनी सोबत नवी साखळी आणली होती. मी बादलला त्यांच्या गाडीत बसण्याची आज्ञा दिली आणि तो बसला. मी त्याला थांबण्याची आज्ञा दिली नव्हती, तरी गाडीचे दार लागेपर्यंत तो जागचा हलला नाही, कारण मी बाहेर उभा होतो आणि हस्तक येईपर्यंत हलायचे नाही हेच त्याला शिकवलेले होते. चेंडू मी खिडकीतून त्याच्या पायाशी टाकला. मला बोलायला मिळाली ती काही मिनिटे मी त्या गृहस्थांना गोळ्यांची नावे सांगण्यात घालवली, आणि त्यांनी ती एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतली.

काही दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. “हवालदार, तो खातच नाही. डॉक्टर म्हणतात आजार काही दिसत नाही.” भांड्यात दूधभात, मटण, सर्व ठेवून पाहिले होते. मी त्यांना दूरध्वनी बादलच्या कानाजवळ धरायला सांगून खाण्याची आज्ञा दिली. त्याने आवाजाच्या दिशेने इकडेतिकडे पाहिले, पण खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेलो. त्या गृहस्थांच्या हातात भांडे दिले, त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आज्ञा मी उच्चारली, मग त्यांना उच्चारायला लावली. तेव्हा तो खाऊ लागला. त्याचे वजन उतरले होते आणि बरगड्या हाताला लागत होत्या. दुःखाने अन्न सोडले असे गावात सांगितले जात होते. दुःख असेलही, ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. परंतु अनोळखी माणसाचे अन्न नाकारण्याचे प्रशिक्षण आपणच त्याला दिले होते आणि ते काढून टाकण्याची तरतूद आपण केली नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

दिवाळीत दुसरा प्रसंग घडला. घरातल्या मुलांसाठी आणलेली फटाक्यांची पिशवी ओसरीत ठेवलेली होती. बादल तिच्यासमोर जाऊन बसला आणि उठेना. हाक मारली, साखळी ओढली, तरी हलेना. सांधे कायमचे आखडले असे समजून घरच्या दोघांनी त्याला उचलून बाजूला नेले, तर तो लंगडत परत येऊन त्याच जागी बसला. फटाक्यांच्या वातीतील दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो, आणि काळ्या दारूचा वास हा त्याच्या प्रशिक्षणातील मूलभूत वासांपैकी एक. तो आपली नोकरी करत होता. वास सापडला होता, तो बसला होता, आणि चेंडूची वाट पाहत होता. कोणी तरी येऊन “शाबास” म्हणाले असते तर तो लगेच उठला असता. त्या घराला हे माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते, कारण ताबा पावतीवर असे काही लिहायला जागाच नसते.

या दोन्ही प्रसंगांचे मूळ एका कागदाच्या अभावात आहे, आणि माझे गाऱ्हाणे येथून सुरू होते. श्वानाला घडवण्यासाठी आपण अनेक महिन्यांचे प्रशिक्षण ठेवतो, त्यानंतर उजळणी वर्ग ठेवतो, कर्तव्य मेळाव्यांसाठी वेगळी तयारी करून घेतो. त्याला त्या कामातून सोडवण्यासाठी मात्र एक दुपार ठेवतो. आज्ञांची यादी, खाण्याची सवय, कोणत्या वासावर तो बसतो, कशाने उठतो, हे सर्व हस्तकाच्या डोक्यात असते आणि ते नव्या घराला सांगण्याची जबाबदारी कोणत्याही आदेशात माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

दुसरे गाऱ्हाणे हस्तकाच्या हक्काविषयी आहे. बादलला मला द्यावे असा अर्ज मी त्याच्या निवृत्तीच्या बऱ्याच आधी केला होता. लेखी उत्तर आले नाही. तोंडी कारण असे सांगण्यात आले की पोलीस वसाहतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मोठा श्वान ठेवणे योग्य नाही. कारण अगदीच चुकीचे नव्हते, कारण झिजलेल्या खुब्यांना जिने वाईटच. पण माझ्या निवृत्तीला तेव्हा एक वर्षही उरले नव्हते आणि गावी माझे तळमजल्याचे घर आहे. तेवढा काळ त्याला श्वानगृहातच ठेवावे, खाण्याचा खर्च मी देतो, असेही अर्जात लिहिले होते. यावर हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हेच कोणाला ठाऊक नव्हते. अर्ज फिरत राहिला आणि श्वान गेला.

तिसरे, औषधोपचार. निवृत्तीच्या दिवशी त्याचा खुराक आणि औषधे शासकीय खर्चातून बंद झाली. सांध्यांची झीज सेवेच्या काळातच सुरू झालेली होती आणि त्याचे सर्व उपचार आमच्या नोंदवहीत होते, परंतु ती नोंदवही कार्यालयीन दस्त असल्याने नव्या घराला तिची प्रत मिळाली नाही. त्या गृहस्थांनी पदरचे पैसे घालून त्याच्या सर्व तपासण्या पुन्हा करवून घेतल्या. त्यांनी तक्रार केली नाही. ती मी करतो आहे. उद्या त्यांच्याइतका सुस्थितीतला माणूस मिळाला नाही तर या गोळ्या कोण देणार, हे मी विचारू इच्छितो.

यावर निधी नाही आणि पूर्वी असे कधी झालेले नाही, अशी दोन उत्तरे मला ऐकवली गेली. निधीचा प्रश्न मोठा नाही, हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर पोलिसांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी 2013 साली निवृत्त श्वानांच्या उपचारांसाठी योजना आणली, आणि तिची मर्यादा प्रत्येक श्वानामागे तीन वर्षांत मिळून 1,500 पौंड होती. अमेरिकेत लष्करी श्वानांना सेवेनंतर दत्तक देता यावे यासाठी 2000 साली कायदा झाला. आपल्याकडेही 2019 साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिल्ली मेट्रोच्या सेवेतील सात श्वानांना सन्मानाने निरोप देऊन एका प्राणीसेवी संस्थेकडे सोपवले. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका शेतघरात एकत्र राहिले आणि 2016 साली एकामागून एक गेले. त्यांची अखेरची वर्षे नीट गेली, पण ती एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या चांगुलपणामुळे. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी 3,000 किलोहून अधिक आरडीएक्स शोधून काढणाऱ्या जंजीरवर तर निवृत्त होण्याची वेळच आली नाही. 2000 साली तो कर्करोगाने गेला. ही नावे आपण भाषणांत घेतो, परंतु जिल्ह्याच्या पथकातील ज्या श्वानाचे नाव कधी छापून येत नाही त्याची सोय कोणाच्या चांगुलपणावर सोपवता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

श्वानाच्या निवृत्तीची तारीख त्याच्या हस्तकाला किमान सहा महिने आधी लेखी कळवावी. ताबा देताना पहिला हक्क मुख्य हस्तकाचा, त्यानंतर सहायक हस्तकाचा आणि त्यानंतरच बाहेरच्या व्यक्तीचा असावा. हस्तकाच्या अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह लेखी निर्णय द्यावा आणि तो देणारा अधिकारी कोण हे आदेशात स्पष्ट लिहावे. हस्तक स्वतः दोन वर्षांच्या आत निवृत्त होणार असेल तर तोवर श्वानाला श्वानगृहात ठेवण्याची मुभा असावी.

श्वान बाहेरच्या घरी जाणार असेल तर ताबा एका दिवसात देऊ नये. नव्या माणसाने निदान दोन आठवडे श्वानगृहात येऊन हस्तकाच्या उपस्थितीत त्याला खाऊ घालावे, फिरवावे, आज्ञा द्यायला शिकावे. ताबा पावतीसोबत हस्तकाने भरलेले माहितीपत्रक आणि संपूर्ण उपचार नोंदींची प्रत जोडणे बंधनकारक करावे. त्यानंतर हस्तकाला ठरावीक काळाने कर्तव्यावर असताना त्या घरी भेट देण्याची परवानगी असावी, म्हणजे माझ्यासारखी रजा टाकावी लागणार नाही.

सेवाकाळात सुरू झालेल्या व्याधींचा उपचार श्वान जिवंत असेपर्यंत शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात विनामूल्य व्हावा आणि औषधांचा खर्च पथकाच्या तरतुदीतून मिळावा. आणि जमा करावयाच्या वस्तूंच्या यादीतून गळपट्टा, भांडे आणि कांबळे वगळावे. दुसऱ्या श्वानाला ती वस्तू देताना आपण ती निर्जंतुक करतो किंवा टाकून देतो, हे भांडारातील कोणीही सांगेल.

बादल आज त्याच बागायतीत आहे. जेवण घेतो, दुपारी विहिरीजवळच्या सावलीत पडून असतो, आणि घरातल्या मुलांनी आता त्याला “शाबास” म्हणायला शिकून घेतले आहे. त्याला परत मागण्याचा माझा विचार नाही. त्या घराची त्याला आणि त्या घराला त्याची सवय झाली आहे, आणि या वयात पुन्हा जागा बदलणे त्याच्या हिताचे नाही. माझी निकड वेगळी आहे. आमच्याच पथकातील दुसरी श्वान, जी त्या दिवशी तापाने आजारी होती, ती येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहे. तिच्या हस्तकाने तिच्या ताब्यासाठी केलेला अर्ज गेल्या महिन्यापासून कार्यालयात आहे आणि त्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही. सर्व आदेश नव्याने निघण्यास वेळ लागणार असेल, तर निदान त्या एका अर्जावर मार्चपूर्वी लेखी निर्णय द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त श्वान हस्तक